कनिष्ठ सहकाऱ्यास अभिप्राय देताना : प्रसंग, वर्तन आणि परिणाम

आपल्या व्यवसायात एकट्याने दवाखाना चालविण्याचे दिवस हळूहळू मागे पडत आहेत. हडपसरचेच उदाहरण घ्यावे. पूर्वी गाडीतळाच्या आसपास आणि गावठाणात मोजके वैद्य असत आणि कंपाउंडर हाच त्यांचा एकमेव सहकारी असे. २००० सालानंतर मगरपट्टा सिटी उभी राहिली, सासवड रस्ता आणि मांजरीपर्यंत वस्ती पसरली, संध्याकाळच्या ओपीडीत बाकावर जागा मिळेनाशी झाली. साहजिकच एखादा तरुण वैद्य किंवा वैद्या मदतीस घेणे आवश्यक ठरले. माळवाडीतील सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्था जवळच असल्याने नवे पदवीधर मिळण्यासही अडचण नसते. अडचण निराळीच आहे. या तरुण सहकाऱ्याचे काही चुकले, तर ते त्याला सांगावयाचे कसे, हे आपणांस कोणी शिकविलेले नाही. आपल्या गुरुजनांनी आपल्याला जसे झापले, तसेच आपण पुढे झापतो. किंवा भिडेपोटी गप्प बसतो आणि मनात हिशेब ठेवतो.

प्रस्तुत लेखात अभिप्राय देण्याच्या एका पद्धतीचा परिचय करून देण्याचा हेतू आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबोरो येथे १९७० मध्ये सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप ही संस्था स्थापन झाली. तिने ही पद्धत घडविली व प्रसृत केली. सिच्युएशन, बिहेवियर आणि इम्पॅक्ट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ती एसबीआय या नावाने ओळखली जाते. (बँकेशी तिचा संबंध नाही, हे सांगितलेले बरे, आमच्या औषधालयाच्या चालकांनी प्रथम तोच प्रश्न विचारला होता.) आपण तिला प्रसंग, वर्तन व परिणाम असे म्हणू. प्रथम नेमका प्रसंग सांगावयाचा, म्हणजे केव्हा व कोठे. नंतर त्या प्रसंगी समोरच्या व्यक्तीने प्रत्यक्ष काय केले वा म्हटले ते सांगावयाचे. आणि शेवटी त्याचा परिणाम काय झाला तो सांगावयाचा. इतकेच. वाचताना हे इतके साधे वाटते की, यात शिकण्यासारखे काय, असा प्रश्न पडावा. मलाही पडला होता. म्हणून तत्त्वचर्चा न करता माझ्याच दवाखान्यात घडलेली एक हकिकत तपशिलाने मांडतो. तीत मी एकदा चुकलो आहे, हेही आरंभीच सांगून टाकतो.

मांजरीकडच्या एक आजी, वय अडुसष्ट, माझ्या जुन्या रुग्ण. एका सोमवारी संध्याकाळी त्या पोट जड वाटणे, करपट ढेकर, भूक मंद, अशा तक्रारी घेऊन आल्या. मी आतल्या खोलीत दुसऱ्या रुग्णास तपासत होतो. बाहेरच्या टेबलावर माझी सहकारी वैद्या होती. पदवी घेऊन तिला जेमतेम दीड वर्ष झाले होते. तिने नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, साम अवस्था ठरविली आणि भास्करलवण चूर्ण तीन ग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर ताकातून, पंधरा दिवस, असे लिहून दिले. अग्निमांद्याचा विचार केला तर योजना शास्त्राला धरून होती. बाराव्या दिवशी सून आजींना घेऊन आली. दोन्ही पायांवर सूज होती, नडगीवर बोट दाबले असता खळगा राहत होता. रक्तदाब १७०/१०० भरला. माझ्या हातच्या तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीत तो १४०/९० होता आणि आजी रक्तदाबाची गोळी घेतात, असेही त्याच पानावर लिहिलेले होते.

भास्करलवणात सामुद्र, सौवर्चल, बिड आणि सैंधव अशी चार लवणे असतात, आणि रूढ पाठाप्रमाणे चूर्णाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे चाळीस टक्क्यांचा भरतो. दिवसाला सहा ग्रॅम चूर्ण म्हणजे दोन-अडीच ग्रॅम लवण आहाराखेरीज पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभराच्या सर्व आहारातून मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्या असे सांगते. हे लक्षात घेतले म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णास हे चूर्ण का टाळावे, ते वेगळे सांगावयास नको.

मी चूर्ण तात्काळ बंद केले, आजींना चिठ्ठी देऊन त्याच दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठविले. इथपर्यंत ठीक झाले. त्यानंतर कंपाउंडर आणि दोन रुग्ण ऐकत असताना मी त्या मुलीला म्हणालो, “किती निष्काळजीपणा हा! तुझं नेहमीच असं असतं. केसपेपर उघडून वाचायचेही कष्ट नकोत का?” ती काही बोलली नाही. मला वाटले, बोच लागली, आता सुधारेल.

पुढचा आठवडा मी पाहत होतो. तिने रक्तदाब तपासण्यास प्रारंभ केला खरा. पण सात वर्षांच्या खोकल्याच्या मुलाचाही रक्तदाब कागदावर दिसू लागला. साधे सितोपलादी द्यावयाचे तरी ती आत येऊन विचारू लागली. रुग्णांशी बोलणे कमी झाले. दुसऱ्या आठवड्यात कंपाउंडरने हळूच सांगितले की, ताई दुसरीकडे जागा पाहत आहेत. अभिप्राय चुकीच्या ठिकाणी लागला की तो असा दिसतो. माणूस उलट बोलत नाही, उलट जास्तच आज्ञाधारक होतो. पण ज्या गोष्टीत सुधारणा हवी ती नेमकी कोणती, हे त्याला कळलेले नसते, म्हणून तो सर्वच गोष्टींत हात आखडतो. आज्ञाधारकपणा ही सुधारणा समजून आपण समाधान मानले, तर एक चांगला सहकारी आपण गमावतो.

माझ्या त्या वाक्यांत नेमके काय चुकले होते, ते पाहू. आपणां वैद्यांना हे समजून घेण्यासाठी परदेशी ग्रंथांची गरज नाही. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. कागदावर रक्तदाबाची नोंद नव्हती, हे प्रत्यक्ष. ‘निष्काळजी’ हे अनुमान, आणि तेही एका लिंगावरून काढलेले. ‘नेहमीच’ हे तर अनुमानही नव्हे, केवळ राग. रुग्ण आला की एकच लक्षण पाहून आपण व्याधी ठरवीत नाही. सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र एका कृतीवरून प्रकृती ठरवून मोकळे होतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात, रोगभिषग्जितीय या आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली स्नेहाने, मिळून विचार करण्यासाठी. दुसरी वादात जिंकण्यासाठी. ‘निष्काळजी’ हा शब्द उच्चारताच मी संभाषा विगृह्य करून टाकली होती. फरक एवढाच की, माझ्या अधिकारामुळे प्रतिपक्षाने वाद न घालता मौन पत्करले.

मी दुसऱ्यांदा बोलावयाचे ठरविले, ते या पद्धतीने. त्याआधी एक कागद घेऊन तीन ओळी लिहिल्या. हे लिहिणे मी प्रत्येकाला सुचवीन, कारण लिहिताना आपले आपल्यालाच कळते की कोणती ओळ रिकामी आहे.

प्रसंगाची ओळ सोपी होती : सोमवार, संध्याकाळची ओपीडी, मांजरीच्या आजी, अपचनाची तक्रार. या ओळीची कसोटी अशी की, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो क्षण उभा राहिला पाहिजे. ‘हल्ली’, ‘बरेचदा’, ‘परवा एका पेशंटच्या वेळी’ असे म्हटले की समोरचा मनातल्या मनात कोणता पेशंट, हे शोधू लागतो आणि आपले पुढचे बोलणे त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही. ‘कधी?’ असा प्रश्न त्याला विचारावा लागला, तर प्रसंग सांगण्यात कमतरता राहिली असे समजावे.

वर्तनाच्या ओळीवर मी अडखळलो. प्रथम लिहिले, ‘पूर्ववृत्त न पाहता औषध दिले.’ मग लक्षात आले की, पूर्ववृत्त पाहिले की नाही हे मी पाहिलेले नाही. मी आतल्या खोलीत होतो. मला दिसते ते एवढेच की, त्या दिवशीच्या कागदावर रक्तदाबाची नोंद नाही आणि भास्करलवणाची योजना आहे. सुनेने सांगितले होते की, ‘मॅडमनी काही विचारलंच नाही’. पण ते दुसऱ्याच्या तोंडचे. ते वर्तन म्हणून मांडणे म्हणजे साक्षीदाराविना खटला चालविणे. या ओळीची कसोटी एखाद्या कॅमेऱ्याची आहे : त्या खोलीत कॅमेरा असता तर त्यात जे दिसले वा ऐकू आले असते, तेवढेच लिहावयाचे. कॅमेऱ्यात निष्काळजीपणा दिसत नाही, उद्धटपणा दिसत नाही, आळस दिसत नाही. पान न उलटणे दिसते, रुग्ण बोलत असताना मोबाईलकडे पाहणे दिसते, दिलेला शब्द ऐकू येतो. मी ती ओळ खोडून लिहिले, ‘त्या दिवशीच्या नोंदीत रक्तदाब नाही, भास्करलवण ३ ग्रॅम दोनदा, १५ दिवस.’

तिसरी ओळ सर्वांत अवघड ठरली. मनात पहिल्याने आले, ‘तुझ्या औषधाने आजींना सूज आली.’ हे मी सिद्ध करू शकलो असतो का? त्याच संध्याकाळी आजींच्या डॉक्टरांचा फोन आला होता. आजींचा रक्तदाब तीन आठवड्यांपूर्वीच वाढलेला आढळल्याने त्यांनी ॲम्लोडिपिनची मात्रा दुप्पट केली होती, आणि त्या गोळीने घोट्यांवर सूज येणे हे सर्वश्रुत आहे. म्हणजे सूज लवणाने वाढली, गोळीने आली की दोहोंमुळे, हे निश्चित सांगणे कठीण. रक्तदाबही आमच्या चूर्णाआधीच चढलेला होता. अशा वेळी परिणाम फुगवून सांगितला, तर अभिप्राय खोटा होतो. आणि ऐकणारा हुशार असेल तर तो त्या फुगवलेल्या भागालाच पकडून उरलेले सारे झटकून टाकतो. मग खरा परिणाम कोणता? मी असे लिहिले : रक्तदाब वाढलेल्या रुग्णाच्या पोटात बारा दिवस जास्तीचे लवण गेले, सूज दिसली तेव्हा तुलना करण्यास आमच्याकडे त्या दिवशीचा आकडा नव्हता, डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही आणि मला संकोच वाटला, सुनेने नंतर विचारले की, पुढच्या वेळी आम्ही तुमच्याकडेच बसायचे का. यांपैकी प्रत्येक गोष्ट मी स्वतः पाहिलेली वा ऐकलेली होती. ‘मला संकोच वाटला’ हे लिहिणे वरिष्ठास जड जाते. परंतु परिणाम सांगताना स्वतःवरचा परिणाम वगळला की बोलणे न्यायाधीशाचे होते.

वेळ निवडली ती दुपारची, ओपीडी संपल्यानंतर. दार लावून, दोघेच. एवढा उशीर करणे बरोबर नव्हते. अभिप्राय जितका ताजा तितका उपयोगी, शक्यतो त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी. मात्र रागाचा वेग ओसरल्यावर आणि रुग्ण व कर्मचारी यांच्यामागे. माझा पहिला प्रयत्न ताजा होता पण एकांतात नव्हता. दुसरा एकांतात होता पण शिळा. म्हणून आधी क्षमा मागितली : “त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो, ते माझं चुकलं. आज नीट सांगतो.” मग लिहिल्याप्रमाणे सांगितले.

“सोमवारी संध्याकाळी मांजरीच्या आजी अपचनासाठी आल्या होत्या. त्या दिवशीच्या नोंदीत रक्तदाब लिहिलेला नाही, आणि भास्करलवण पंधरा दिवसांसाठी लिहिलं आहेस. आजींचा रक्तदाब तेव्हा वाढलेला होता, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. सूज कशाने आली ते मी ठामपणे सांगू शकत नाही. पण बारा दिवस जास्तीचं मीठ गेलं, आपल्याकडे तुलनेला आकडा नव्हता, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.”

इथे थांबलो. या पद्धतीचा पुढे एक उपयुक्त विस्तार झाला आहे, तो म्हणजे हेतू विचारणे. परिणाम आपण पाहतो, हेतू समोरच्याच्या मनात असतो. या दोहोंतले अंतर विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी म्हणालो, “त्या वेळी तुझ्या मनात काय होतं, ते मला समजून घ्यायचं आहे.” हे वाक्य खऱ्या कुतूहलाने उच्चारता आले पाहिजे. ‘काय विचार करून असं केलंस?’ हेच शब्द उलटतपासणीच्या सुरात म्हटले की सारे मुसळ केरात.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, मी विचारलं होतं. आजींना विचारलं, बीपी आहे का? त्या म्हणाल्या, नाही आता, गोळी चालू आहे ना. मला वाटलं आटोक्यात आहे. आणि मशीन तुमच्या खोलीत असतं. आत पेशंट होते, दार लावलेलं होतं. तुम्हांला मध्येच आवाज द्यायचा धीर झाला नाही.”

या चार वाक्यांत मला जे मिळाले, ते झापण्यातून कधीच मिळाले नसते. ‘गोळी चालू आहे म्हणून बीपी नाही’ हे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले असेल. मधुमेहाच्या बाबतीतही हेच ऐकू येते. म्हणजे प्रश्नच चुकीचा होता. दुसरे, रक्तदाबमापक यंत्र बंद दारामागे होते, आणि ते तिथे ठेवणारा मी होतो. निष्काळजीपणा असेल तर त्याची वाटणी करावी लागत होती. तिच्याकडून राहिले ते एवढेच : जुने पान उलटून पाहणे, आणि शंका असताना लवणप्रधान कल्पाऐवजी दुसरा कल्प निवडणे. हे मी तिला तसेच सांगितले आणि विचारले, “पुढच्या वेळी काय करशील?” तिने स्वतःच सांगितले की, पन्नाशीपुढच्या रुग्णास आजाराचे नाव न विचारता चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दाखवावयास सांगेन, आणि मागचे पान पाहिल्याखेरीज नवे औषध लिहिणार नाही. उपाय तिच्या तोंडून आला म्हणून तो टिकला. यंत्र बाहेरच्या टेबलावर आणणे माझ्याकडे लागले. सारे बोलणे दहा-बारा मिनिटांत संपले.

औषधालय चालविणाऱ्या वाचकांसाठी एक लहान उदाहरण देतो. काउंटरवरच्या मुलाने वैद्यांच्या चिठ्ठीवरील कुटजारिष्टाऐवजी, ते शिल्लक नव्हते म्हणून, कुटजघनवटी दिली आणि दूरध्वनी केला नाही. मालकाने ‘तुला अक्कल नाही’ म्हणणे सोपे असते. त्याऐवजी असे म्हणता येते : “काल दुपारी सासवड रोडचे गृहस्थ आले होते, तेव्हा तू अरिष्टाऐवजी घनवटी दिलीस आणि वैद्यांना फोन केला नाहीस. संध्याकाळी वैद्यांनी मला विचारलं, मला माहीतच नव्हतं. आणि त्या गृहस्थांनी चिठ्ठीवरच्या मात्रेप्रमाणे ‘चार चमचे’ म्हणजे किती गोळ्या, हे विचारायला पुन्हा फेरी मारली.” त्यावर मुलगा कदाचित म्हणेल की, ग्राहक घाईत होता, रिकाम्या हाती परत पाठवला तर तुम्ही रागावता. हे ऐकून घेण्याची तयारी असेल तरच विचारावे.

हीच पद्धत चांगल्या कामासाठीही वापरावयाची असते, आणि तिथे आपण अधिक कंजूष असतो. ‘छान काम करतेस’ यातून कोणालाच काही कळत नाही. “काल त्या गर्भिणी आल्या तेव्हा मलावष्टंभासाठी त्यांनी स्वतःहून सोनामुखी मागितली. तू नाही म्हणालीस आणि का नाही ते दोन मिनिटं समजावलंस. त्या बाहेर जाताना नवऱ्याला तेच कारण सांगत होत्या, मी ऐकलं.” यानंतर ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, कारण कोणती कृती, हे स्पष्ट असते. आधी स्तुती, मध्ये दोष आणि शेवटी पुन्हा स्तुती अशी एक पद्धत काहीजण सांगतात. मधाच्या अनुपानात कडू औषध द्यावे, तसे. माझा अनुभव असा की, सहकारी फार लवकर हे ओळखतो, आणि मग खरी स्तुती केली तरी तो पुढच्या ‘पण’ची वाट पाहत बसतो. मध स्वतंत्र द्यावा, औषध स्वतंत्र द्यावे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. रुग्णास या क्षणी अपाय होत असेल तर प्रसंग-वर्तन-परिणाम अशी मांडणी करीत बसू नये. हात धरावा, औषध थांबवावे, बोलणे नंतर. तसेच एकच चूक तिसऱ्यांदा घडली, तर त्या तीनही प्रसंगांच्या तारखा समोर ठेवून बोलावे लागते. तेव्हा विषय एका कृतीचा राहत नाही, सवयीचा होतो. नोंदी खोडणे, नावावर नसलेली औषधे विकणे यांसारख्या गोष्टींत हेतू विचारून भागत नाही. तिथे लेखी समजच द्यावी लागते. आणि एका बैठकीत एकच गोष्ट सांगावी. बोलावून घेतलेच आहे तर उशिरा येणे, अक्षर आणि मोबाईल हेही उरकून घेऊ, असा मोह होतो, तो टाळावा. तीन विकार एकाच काढ्यात बसवू पाहणाऱ्या वैद्याची जी गत होते, तीच इथे होते.

वाक्यांचा सांगाडा पाठ करून बोलणे हाही एक दोष आढळतो. “प्रसंग असा, वर्तन असे, परिणाम असा” असे यांत्रिक बोलणे ऐकणाऱ्यास परकेच वाटते. क्रम मनात असावा, भाषा घरची असावी. आमच्याकडे रुग्णासमोर मी तिला ‘वैद्य’ लावून ‘तुम्ही’ म्हणतो, आणि दार लावल्यावर ‘तू’. हे तिलाही तसेच हवे असते. प्रत्येक दवाखान्याची रीत निराळी असेल.

आमची वैद्या दुसरीकडे गेली नाही. रक्तदाबाची नोंद आता मुलांच्या कागदांवर दिसत नाही. पन्नाशीपुढच्या रुग्णांच्या कागदांवर दिसते, आणि चालू गोळ्यांची नावेही दिसतात. त्यानंतर तीनएक महिन्यांनी एके दुपारी तिनेच दार लोटून घेतले आणि म्हणाली, “सर, एक सांगू का? गुरुवारी संध्याकाळी ते संधिवाताचे काका होते. मी सिंहनाद गुग्गुळ लिहिलं होतं. तुम्ही त्यांच्यासमोरच ते खोडून योगराज लिहिलंत आणि काही बोलला नाहीत. काका बाहेर आल्यावर मला म्हणाले, पुढच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनाच दाखवीन. मला तुमचा विचार समजून घ्यायचा आहे.” त्या काकांना गेले चार दिवस पातळ जुलाब होत होते, आणि सिंहनादात एरंडतेल असते, एवढेच माझ्या मनात होते. ते तिला सांगावयास आणि चिठ्ठी आत मागवून एकांतात बदलावयास मला अर्धा मिनिट पुरला असता. त्या दिवसापासून औषध बदलावयाचे झाल्यास मी तिला आत बोलावतो, आणि नवी चिठ्ठी तीच लिहिते.